आयगेनव्हेक्टर कमी पडले तर: उत्तरात t कुठून येतो?

दोन ड्रम घेऊ. दोन्हींत १०० लिटर पाणी. पहिल्या ड्रममध्ये नळातून मिनिटाला १० लिटर गोडं पाणी पडतंय, पहिल्यातून तेवढंच पाणी पाइपने दुसऱ्यात जातंय आणि दुसऱ्यातून तेवढंच बाहेर वाहून जातंय. सुरुवातीला पहिल्या ड्रममध्ये ५ किलो मीठ विरघळवलेलं आहे, दुसऱ्यात काहीच नाही. दोन्ही ड्रममधलं पाणी सतत ढवळलं जातंय असं धरू, म्हणजे मीठ सगळीकडे सारखं पसरलेलं असेल.

पहिल्या ड्रममधलं मीठ x किलो आणि दुसऱ्यातलं y किलो म्हटलं, तर दर मिनिटाला १०० पैकी १० लिटर, म्हणजे एकदशांश पाणी बाहेर पडतं आणि त्याबरोबर एकदशांश मीठ जातं. पहिल्यातून गेलेलं मीठ दुसऱ्यात येतं. म्हणून

```
x' = -0.1 x
y' =  0.1 x - 0.1 y
```

हेच मॅट्रिक्सच्या भाषेत X' = A X असं लिहिता येतं, आणि A आहे

```
A = [ -0.1    0  ]
    [  0.1  -0.1 ]
```

आता कॉलेजात शिकवलेली नेहमीची पद्धत लावायची: आयगेनव्हॅल्यू काढा, प्रत्येकीचा आयगेनव्हेक्टर काढा, दोन उत्तरं जोडा. आयगेनव्हॅल्यू निघते -0.1, आणि ती दोनदा येते. आयगेनव्हेक्टर मात्र एकच सापडतो, (0, 1). त्याच्या पटीतले सोडले तर दुसरा नाहीच. दोन अज्ञातांच्या समीकरणांना दोन स्वतंत्र उत्तरं लागतात, हातात एकच आहे. गाडी इथे अडते.

हा एकटा आयगेनव्हेक्टर काय सांगतोय ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यातून उलगडतं. (0, 1) म्हणजे सगळं मीठ दुसऱ्या ड्रममध्ये. अशी सुरुवात केली तर दुसऱ्यातलं मीठ मिनिटाला एकदशांश या दराने कमी होत जातं, पहिला ड्रम कोरडाच राहतो (मिठाच्या अर्थाने), आणि मिठाची वाटणी कधी बदलत नाही. आयगेनव्हेक्टर म्हणजे हेच: अशी सुरुवातीची स्थिती जिचा आकार बदलत नाही, फक्त ती एकूण लहान किंवा मोठी होते. आपली खरी सुरुवात मात्र (5, 0) आहे. ती तशी राहूच शकत नाही. पहिल्या मिनिटापासून मीठ दुसऱ्या ड्रममध्ये झिरपायला लागतं. पण त्या झिरपण्याचं माप अगदी साधं आहे. A मधून -0.1 वजा करून पाहा:

```
N = A + 0.1 I = [ 0    0 ]
                [ 0.1  0 ]
```

या N मध्ये उरलंय ते फक्त दोन ड्रमांना जोडणारं पाइप. N ने (1, 0) ला गुणलं की (0, 0.1) येतं, म्हणजे पहिल्यातलं मीठ दुसऱ्यात. पुन्हा N ने गुणलं की शून्य, कारण दुसऱ्या ड्रमच्या पुढे तिसरा ड्रम नाही. (1, 0) हा आयगेनव्हेक्टर नाही, पण N लावल्यावर तो आयगेनव्हेक्टरच्या दिशेत जाऊन पडतो आणि दुसऱ्यांदा N लावल्यावर नाहीसा होतो. अशालाच जनरलाइज्ड आयगेनव्हेक्टर म्हणतात. N चे काही घात लावल्यावर जो शून्य होतो तो.

आता मॅट्रिक्स एक्स्पोनेन्शियल. साध्या समीकरणाला, x' = a x ला, उत्तर असतं x(t) = e^(at) x(0). मॅट्रिक्सलाही तसंच उत्तर असावं अशी अपेक्षा असते, आणि ते असतं. फक्त e^(At) चा अर्थ घातांकाच्या नेहमीच्या मालिकेवरून ठरवायचा:

```
e^(At) = I + A t + A² t²/2! + A³ t³/3! + ...
```

प्रत्येक पदाचं t च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घेतलं की ते आधीच्या पदाची A पट होतं, म्हणून X(t) = e^(At) X(0) हे उत्तर बरोबर आहे. कोणत्याही चौरस मॅट्रिक्ससाठी ही मालिका अभिसारी असते. आयगेनव्हेक्टर पुरेसे आहेत की नाहीत याची ती चौकशीही करत नाही. अडचण फक्त ती बेरीज प्रत्यक्षात करण्याची आहे, कारण पदं अनंत आहेत. जनरलाइज्ड आयगेनव्हेक्टर ही अडचण दूर करतात: त्यांच्यावर ही मालिका मधेच संपते.

युक्ती अशी. A चे दोन तुकडे करायचे, A = λI + N. मग

```
e^(At) = e^(λt) · e^(Nt)
```

इथे एक सावधगिरी. e^(P+Q) = e^P · e^Q हे साध्या आकड्यांना नेहमी चालतं, मॅट्रिक्सना नेहमी चालत नाही. P आणि Q यांचा गुणाकार कोणत्याही क्रमाने सारखाच आला तर नक्की चालतं. उदाहरणार्थ P मध्ये फक्त वर उजवीकडे 1 आणि Q मध्ये फक्त खाली डावीकडे 1 घेतला, तर e^P · e^Q चा पहिला घटक 2 येतो, पण e^(P+Q) चा पहिला घटक सुमारे 1.543 येतो. आपल्या फोडीत मात्र धोका नाही, कारण λI ने कोणत्याही मॅट्रिक्सला कुठूनही गुणलं तरी उत्तर एकच.

ड्रमच्या उदाहरणात N² = 0 आहे. म्हणून e^(Nt) ची मालिका I + Nt इथेच थांबते, आणि

```
X(t) = e^(-0.1t) (I + tN) (5, 0)
x(t) = 5 e^(-0.1t)
y(t) = 0.5 t e^(-0.1t)
```

हा तो t. तो कुठल्या तरी नियमातून आणून चिकटवलेला नाही. पहिल्या ड्रमने दुसऱ्याला सतत मीठ पुरवल्याचा तो हिशेब आहे. दुसऱ्यातलं मीठ आधी वाढतं, १० मिनिटांनी सर्वांत जास्त म्हणजे ५/e, सुमारे १.८४ किलो होतं, आणि मग उतरायला लागतं. याच मापाचा तिसरा ड्रम पुढे जोडला असता तर N³ शून्य झाला असता आणि तिसऱ्याच्या सूत्रात t²/2 आला असता. t चा घात म्हणजे साखळीत आपण किती पायऱ्या खाली आलो ते.

दोन ड्रमांचं हे गणित खरं तर मॅट्रिक्सशिवायही सुटतं: पहिलं समीकरण आधी सोडवा, उत्तर दुसऱ्यात घाला, झालं. त्यामुळे आता तिन्ही समीकरणं एकमेकांत गुंतलेली आहेत असं उदाहरण घेऊ. परीक्षेत विद्यार्थी हमखास फसतात ती जागा याच्यात आहे.

```
x' =      - y +  z
y' = 2x - 3y + 2z
z' =  x -  y
```

सुरुवात x = 1, y = 0, z = 2. याच्या मॅट्रिक्सचं कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमियल (λ+1)³ येतं, म्हणजे आयगेनव्हॅल्यू -1, तीनदा. म्हणून N = A + I काढू:

```
N = [ 1  -1   1 ]
    [ 2  -2   2 ]
    [ 1  -1   1 ]
```

तिन्ही ओळी (1, -1, 1) च्याच पटी आहेत. म्हणून N v = 0 ची अट एकच उरते: x - y + z = 0. ही अट पाळणारे स्वतंत्र व्हेक्टर दोन, उदाहरणार्थ (1, 1, 0) आणि (0, 1, 1). हवे होते तीन, एक कमी पडला.

आता बहुतेक नोट्समध्ये पुढची पायरी अशी असते: आयगेनव्हेक्टर v घ्या आणि (A - λI) w = v सोडवून w काढा. करून पाहू. v = (1, 1, 0) घेतला तर पहिली ओळ म्हणते x - y + z = 1 आणि दुसरी म्हणते 2(x - y + z) = 1. दोन्ही एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत. बरं, मग v = (0, 1, 1). पहिली ओळ म्हणते x - y + z = 0, तिसरी म्हणते 1. तेही जमत नाही. दोन आयगेनव्हेक्टर, दोन्ही निरुपयोगी! या टप्प्यावर माणूस आपली आकडेमोड तीन-तीनदा तपासत बसतो, आणि आकडेमोडीत चूक काहीच नसते.

चूक शोधायच्या दिशेत आहे. N ने कुठल्याही व्हेक्टरला गुणलं की उत्तर (1, 2, 1) च्या पटीतच येतं, N च्या तिन्ही स्तंभांकडे पाहा. म्हणून w चा शोध फक्त त्याच आयगेनव्हेक्टरपासून सुरू होऊ शकतो जो (1, 2, 1) च्या दिशेत आहे. (1, 2, 1) हा आपल्या दोन आयगेनव्हेक्टरांची बेरीज आहे, म्हणजे तोही आयगेनव्हेक्टरच, पण आपण निवडलेल्या जोडीत तो नव्हता. आयगेनव्हेक्टर निवडताना मोकळीक होती आणि आपण साधेसे आकडे पाहून निवडले, इतकंच.

म्हणून वरून खाली यायचं. आधी असा w निवडायचा की N w शून्य येणार नाही. (1, 0, 0) चालेल, N w = (1, 2, 1). हाच v. साखळी आपोआप तयार झाली, कुठलंही समीकरण सोडवावं लागलं नाही. तिसरा व्हेक्टर म्हणून उरलेल्या आयगेनव्हेक्टरांपैकी कुठलाही एक, समजा (0, 1, 1). खालून वर चढण्याचा हट्ट मला कधी समजला नाही. वरून उतरण्यात चुकायला जागाच नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. या उदाहरणात N² = 0 आहे, म्हणजे तिन्ही दिशांतला प्रत्येक व्हेक्टर N च्या दुसऱ्या घाताने शून्य होतो. त्यामुळे साखळ्या जुळवायचीही गरज नाही. सुरुवातीचा व्हेक्टर थेट सूत्रात घालायचा:

```
N X(0) = N (1, 0, 2) = 3·(1, 2, 1) = (3, 6, 3)

X(t) = e^(-t) [ (1, 0, 2) + t (3, 6, 3) ]

x(t) = (1 + 3t) e^(-t)
y(t) = 6t e^(-t)
z(t) = (2 + 3t) e^(-t)
```

पडताळा घेऊ. दुसरं समीकरण म्हणतं y' = 2x - 3y + 2z. डाव्या बाजूला y' = (6 - 6t) e^(-t). उजवीकडे e^(-t) बाहेर काढल्यावर 2 + 6t - 18t + 4 + 6t, म्हणजे 6 - 6t. जुळलं. उरलेली दोन तशीच तपासता येतील.

आकड्यांकडे थोडं निरखून पाहा. आयगेनव्हॅल्यू -1 आहे, तेव्हा सगळं घटतच जाणार असं वाटतं. शेवटी घटतंच. पण y शून्यापासून निघून t = 1 ला 6/e, म्हणजे सुमारे 2.21 पर्यंत चढतो. सुरुवातीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा हा मोठा. x सुद्धा 1 वरून आधी सुमारे 1.54 पर्यंत वर जातो. ऋण आयगेनव्हॅल्यू फक्त शेवट सांगते. मधला चढ N सांगतो. पूल, विमानाचं नियंत्रण किंवा रासायनिक अभिक्रिया यांत हा मधला चढच कधी कधी महागात पडतो.

इथे एक चूक फार सहज होते. e^(λt)(I + tN) हे सूत्र इतकं सुटसुटीत आहे की सगळीकडे वापरावंसं वाटतं. पण वरच्या दोन्ही उदाहरणांत आयगेनव्हॅल्यू एकच होती. समजा तीनपैकी दोन 2 आहेत आणि तिसरी -1. मग N = A - 2I हा फक्त 2 च्या कुटुंबातल्या व्हेक्टरांना शून्य करतो. -1 च्या आयगेनव्हेक्टरवर तो -3 ने गुणतो, त्याचे कितीही घात घ्या, मालिका कधीच थांबणार नाही. अशा वेळी सुरुवातीचा व्हेक्टर आधी दोन भागांत फोडायचा, एक 2 च्या कुटुंबातला, दुसरा -1 च्या. प्रत्येक भागाला आपापली आयगेनव्हॅल्यू आणि आपापला N लावायचा आणि उत्तरं मिळवायची. अशी फोड नेहमी करता येते, कारण आयगेनव्हेक्टर कमी पडले तरी जनरलाइज्ड आयगेनव्हेक्टर कधी कमी पडत नाहीत: आयगेनव्हॅल्यू जितक्यांदा येते तितके स्वतंत्र जनरलाइज्ड आयगेनव्हेक्टर तिला मिळतातच. (आयगेनव्हॅल्यू कॉम्प्लेक्स निघाल्या तर तेही चालवून घ्यायचं.) फ्रेंच गणिती कामिय जॉर्डन यांचं नाव ज्या जॉर्डन फॉर्मला आहे, त्याच्या मुळाशी हीच फोड आहे.

कुटुंब पूर्ण झालं का हे कसं ओळखायचं? N चे घात वाढवत जा आणि प्रत्येक वेळी शून्य होणारे स्वतंत्र व्हेक्टर किती आहेत ते मोजा. आपल्या तीन समीकरणांत N ला शून्य करणारे दोन होते, N² ला तीन. तीन हवे होते, तीन मिळाले, थांबा. पुढे घात वाढवून संख्या वाढणार नाही.

आता कागदावरून कॉम्प्युटरवर. वरचं उत्तर t = 1 ला (4, 6, 5) ला e ने भागून येतं. SciPy मध्ये ते असं तपासता येईल:

```python
import numpy as np
from scipy.linalg import expm

A = np.array([[0., -1., 1.],
              [2., -3., 2.],
              [1., -1., 0.]])
print(expm(A * 1.0) @ np.array([1., 0., 2.]))
```

उत्तर सुमारे 1.4715, 2.2073, 1.8394 येतं, आपल्याशी जुळतं. पण याच मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर np.linalg.eig ने काढून त्यांच्यावरून उत्तर बांधायला गेलात तर पाय घसरतो. कॉम्प्युटर सुमारे सोळा अंकांपर्यंतच हिशेब ठेवतो. दोन पायऱ्यांची साखळी असेल तर सोळाव्या अंकातली चूक आयगेनव्हॅल्यूमध्ये वर्गमुळाने मोठी होते, म्हणजे आठव्या अंकापर्यंत येऊन पोचते. परिणामी कॉम्प्युटरला एकच आयगेनव्हॅल्यू दोन अगदी जवळजवळच्या, पण वेगळ्या आकड्यांसारखी दिसू शकते. त्याला वाटतं, आयगेनव्हेक्टर पुरेसे आहेत. ते असतातही, पण त्यांतले दोन जवळजवळ एकाच रेषेत.

ड्रमकडे परत जाऊन बघितलं की हे का घातक आहे ते कळतं. दोन ड्रमांचे दर 0.1 ऐवजी थोडे वेगळे, a आणि b, असते तर दुसऱ्या ड्रममधलं मीठ असं आलं असतं:

```
y(t) = 5a · ( e^(-at) - e^(-bt) ) / ( b - a )
```

a आणि b एकमेकांजवळ आले की वरची वजाबाकी जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची होते. पहिले सगळे अंक एकमेकांना खातात, उरतात ते शेवटचे, राउंड-ऑफने खराब झालेले. मग त्यांना एका अतिशय लहान आकड्याने भागायचं. कागदावर मात्र याचीच मर्यादा घेतली, b ला a कडे नेलं, तर स्वच्छ 5a t e^(-at) मिळतं, म्हणजे a = 0.1 ला वर आलेलं 0.5 t e^(-0.1t) हेच. गणितात जिथे t निर्माण होतो, नेमक्या त्याच जागी कॉम्प्युटरचे अंक हरवतात.

क्लीव्ह मोलर आणि चार्ल्स व्हॅन लोन यांनी १९७८ साली मॅट्रिक्स एक्स्पोनेन्शियल काढायच्या एकोणीस पद्धती तपासून बघितल्या आणि त्या सगळ्याच कुठे ना कुठे संशयास्पद ठरतात असं दाखवलं. SciPy चं expm आयगेनव्हेक्टरांच्या वाटेला जातच नाही. ते मॅट्रिक्सला दोनाच्या एखाद्या घाताने भागून लहान करतं, लहान मॅट्रिक्सचं एक्स्पोनेन्शियल पादे नावाच्या भागाकाराच्या सूत्राने काढतं आणि मग उत्तराचा वर्ग करत करत मूळ मापाला परत येतं.

तुम्ही स्वतः आयगेनव्हेक्टरांची मॅट्रिक्स वापरत असाल तर तिचा कंडिशन नंबर एकदा np.linalg.cond ने बघून घ्या. तो दहाच्या आठव्या घाताच्या आसपास किंवा वर गेला, तर समोरचं मॅट्रिक्स बहुधा वरच्या उदाहरणासारखं आहे, आणि वेगवेगळ्या दिसणाऱ्या त्या दोन आयगेनव्हॅल्यू मुळात एकच असण्याची दाट शक्यता आहे. मॅट्रिक्स हातानेच भरलेलं असेल, आकडे पूर्णांक असतील, तर N आणि N² कागदावर काढून बघणं याहून कमी वेळात होतं. आकडे मोजमापातून आलेले असतील तर मात्र दोन आयगेनव्हॅल्यू नेमक्या सारख्या आहेत की फक्त जवळच्या, हे कोणीच ठरवू शकत नाही, आणि तिथे expm वरच विसंबावं लागतं. ही सगळी पद्धत A स्थिर असेपर्यंतच चालते. नळाचा वेग दर तासाला बदलत असेल तर A सुद्धा वेळेनुसार बदलतं, आणि A चं इंटिग्रेशन करून e च्या घातांकात टाकणं तेव्हा नक्की बरोबर ठरतं जेव्हा वेगवेगळ्या वेळचे A एकमेकांशी क्रमाची पर्वा न करता गुणता येतात. ड्रमच्या उदाहरणात पूर्ण प्रवाह एकदमच वाढला किंवा कमी झाला तर ही अट पाळली जाते, कारण सगळं A एकाच पटीत बदलतं. पण दोन ड्रमांतल्या पाण्याची पातळी स्वतंत्रपणे वरखाली होऊ लागली, तर ती मोडते.